आकडा मागून झाल्यावरचे दहा सेकंद

प्रश्न: सर, दोन वर्षांच्या अनुभवानंतर मी पहिल्यांदाच नोकरी बदलते आहे. नव्या कंपनीच्या एचआरने फोनवर पगाराचा आकडा सांगितला आणि परवा पुन्हा फोन करतो म्हणाले. पगाराच्या बोलणीवर एक छोटा व्हिडिओ पाहिला. त्यात एकच वाक्य म्हणायला सांगितलं होतं, "यात काही वाढवता येईल का?", आणि एकच चूक टाळायला सांगितली होती, "आकडा आधी आपण सांगायचा नाही." एवढ्या भांडवलावर बोलू का? फार ताणायचंही नाही, कारण ही नोकरी मला हवी आहे.

उत्तर: व्हिडिओतला सल्ला खोटा नाही, पण तुमचा टप्पा त्याच्या पुढे गेला आहे. मुलाखतीच्या सुरुवातीला आकडा सांगणं टाळावं हे ठीक, कारण त्या पदासाठी कंपनीने किती रक्कम धरली आहे ते तेव्हा आपल्याला माहीत नसतं. तुमच्या बाबतीत त्यांनी आकडा सांगून टाकला आहे. आता तुम्ही गप्प राहिलात तर पुढचं सगळं बोलणं त्यांच्याच आकड्याभोवती फिरेल. "काही वाढवता येईल का?" या प्रश्नाला "बजेट एवढंच आहे" असं उत्तर लगेच देता येतं. एचआर भला असला तर एक-दोन टक्के वाढवून देईल. तुम्ही 'काही' मागितलं, त्याने 'काही' दिलं.

त्याऐवजी हे वाक्य म्हणा. त्यांचा फिक्स्ड पगार आपण सोयीसाठी 100 धरू.

"ऑफरबद्दल धन्यवाद, काम मला खरंच आवडलं आहे. या जबाबदारीला बाजारात मिळणारा पगार पाहता, फिक्स्ड 110 झाला तर मी लगेच होकार देते. तेवढं करता येईल का?"

यात 'फिक्स्ड' हा शब्द मुद्दाम घातला आहे. तो नसेल तर वाढ व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कामगिरीवर ठरणाऱ्या भागात, टाकून एकूण आकडा 110 दाखवता येतो, आणि व्हेरिएबल पूर्ण मिळेलच याची खात्री कोणी देत नाही. 'लगेच होकार देते' हे मात्र सगळ्यात उपयोगाचं. फोनवर बोलणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्वतः निर्णय घेत नाही. बहुतेक ठिकाणी पदाला पगाराचा बँड असतो, खालची आणि वरची मर्यादा ठरलेली, आणि नवख्या उमेदवाराला सहसा बँडच्या खालच्या भागातला आकडा सांगितला जातो. त्याहून वर जायचं तर एचआरला तुमच्या होणाऱ्या मॅनेजरची मंजुरी काढावी लागते. "ती 110 ला येते आहे" असं सांगून मंजुरी मागणं सोपं. "तिला जास्त हवंय" एवढंच सांगितलं तर मॅनेजरला वाटतं, आज वाढवलं तरी उद्या पुन्हा मागेल. अर्थात 110 मिळाल्यावर खरोखर होकार देणार असाल तरच हे म्हणा.

110 हा आकडा कुठून आणायचा? याच कामाचे, याच अनुभवाचे, साधारण याच आकाराच्या कंपनीतले चार-पाच पगार मिळवा: जाहिरातींतून, त्या क्षेत्रातल्या ओळखीच्यांकडून. सगळे फिक्स्डच घ्या, नाहीतर तुलना फसते. समजा 103, 108, 110, 111 आणि 125 असे हाती आले. 125 एकटाच दूर आहे. तिथे काम वेगळं असेल किंवा अनुभव जास्त. तो सोडून द्या. उरलेल्यांतला, ज्याचं कारण तुम्ही एका वाक्यात सांगू शकाल असा वरचा आकडा मागा. आणि कमीत कमी किती मिळालं तर जायचं, तो तळाचा आकडा, समजा 104, वहीत लिहून ठेवा. तो फोनवर तोंडातून निघता कामा नये.

आता टाळायची ती चूक. "तेवढं करता येईल का?" असं तुम्ही विचारलं की पलीकडे शांतता पसरते. तो माणूस बँड उघडून बघत असतो, नाहीतर कोणाला विचारायचं याचा विचार करत असतो. आपल्याला मात्र ती शांतता नकारासारखी वाटते आणि आपण बोलू लागतो: "म्हणजे 106 पण चालेल... नाही जमलं तरी हरकत नाही तशी." झालं. 110 वरून तुम्ही परत 100 वर आलात आणि समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नाही. स्वतःच्या मागणीवर स्वतःच सूट द्यायची ही चूक नवखे लोक हमखास करतात, आणि ती सहसा दुरुस्त होत नाही. खाली आलेला आकडा त्याच फोनवर पुन्हा वर नेणं फारच अवघड. "106 ते 110" असा पल्ला सांगणं ही याचीच दुसरी तऱ्हा. ऐकणारा 106 टिपून घेतो.

यावर उपाय साधा आहे. वाक्य कागदावर लिहा आणि प्रश्नचिन्हाखाली ठळक रेघ मारा. रेघेपाशी पोचलात की मनात दहापर्यंत मोजायचं, पुढचं बोलणं त्यांचं. एखाद्या मैत्रिणीला समोर बसवून दोन-तीनदा मोठ्याने सराव करा, आणि तिला उत्तर न देता नुसतं बघत राहायला सांगा. बहुतेकांची जीभ चौथ्या-पाचव्या सेकंदाला सुटते, ते घरीच कळलेलं बरं.

ते "विचारून सांगतो" म्हणाले तर "नक्की, कधीपर्यंत कळेल?" एवढंच विचारा. 106 म्हणाले तर तो तुमच्या तळाच्या वर आहे. घ्या, पुन्हा ताणू नका. "फिक्स्ड हलणार नाही" असं स्पष्ट सांगितलं तर त्याच फोनवर एकच पर्याय मागा: सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, आणि तो ऑफर लेटरमध्ये लिहून.

जॉइनिंग बोनस पुढे केला तर तो फिक्स्डमधल्या वाढीइतका मोलाचा समजू नका. दरवर्षी 10 टक्के वाढ धरली, तर 100 वर तीन वर्षांत एकूण 331 मिळतात आणि 106 वर जवळजवळ 351. म्हणजे फिक्स्डमधले 6 तीन वर्षांत 20 च्या आसपास देतात, बोनसचे 6 हे 6 च राहतात. शिवाय ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर तो परत करण्याची अट असू शकते. सही करण्याआधी ती वाचा.

नोकरी हातची जाईल ही भीती समजते. ऑफर आल्यावर, होकार देण्याआधी, आकडा आणि कारण सांगून एकदा विनंती केल्याने सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते होकार दिल्यावर पुन्हा पगाराचा विषय काढल्याने, किंवा प्रत्येक उत्तरानंतर नवी मागणी ठेवल्याने. फक्त एकाच वेळी घेतलेल्या फ्रेशर्सच्या तुकडीत सहसा सगळ्यांना सारखाच पगार ठरलेला असतो. तिथे हे वाक्य चालत नाही, टीम किंवा रुजू होण्याची तारीख मात्र मागता येते.

फोन संपल्यावर त्याच दिवशी मेल करा: "आज बोलल्याप्रमाणे फिक्स्ड पगार 106 आणि रुजू होण्याची तारीख अमुक, असं ऑफर लेटर मिळाल्यावर मी सही करून पाठवते." लेटर आलं की व्हेरिएबल वगळून फिक्स्डची ओळ स्वतः तपासा. ती बरोबर निघाली आणि सही झाली, की मगच सध्याच्या ठिकाणी राजीनामा द्या.