काहूटवर आजी मागे पडू नये म्हणून

घरच्या क्विझला काहूट हे ऑनलाइन क्विझचं अ‍ॅप घेताय तर आधी प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवा. तिथं बरोबर उत्तराला 1000 पर्यंत गुण मिळतात, पण वेळ जाईल तसे ते निम्म्यापर्यंत उतरतात.

‘गोकाकचा धबधबा कोणत्या नदीवर?’ नातवानं 4 सेकंदांत ‘घटप्रभा’ दाबलं, आजीनं चष्मा सावरत 16 सेकंदांत. मुदत 20 सेकंदांची असेल तर त्याला 900, तिला 600. मुदत 60 ची केलीत की 967 आणि 867! उत्तर तेच, अंतर तिसऱ्या हिश्श्यावर.

प्रश्न टीव्हीवर दिसतो, मोबाइलवर बहुधा नुसते रंग आणि आकार. त्यामुळे मराठी प्रश्न आखूडच लिहा, आणि एकानं तो मोठ्यानं वाचावा. फोनवर kahoot.it उघडून टीव्हीवर दिसणारा पिन टाकायचा, बस्स.