‘वजा तीनच्या खालच्या आणि पाचच्या वरच्या’ – यात ‘आणि’ चुकलं कुठे?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, गणित मराठीतून. √(x² − 2x − 15) चं डोमेन काढताना तिने शेवटी ‘x ≤ −3 आणि x ≥ 5’ लिहिलं. सरांनी ‘आणि’ खोडून ‘किंवा’ केलं आणि एक मार्क कापला. पण बोलताना आपण ‘वजा तीनच्या खालच्या आणि पाचच्या वरच्या संख्या चालतात’ असंच म्हणतो ना? मग मराठी चुकलं की गणित?

उत्तर : मराठी तुमचं बरोबर आणि मार्क सरांनी कापला तोही बरोबर. गंमत अशी की तुमचं बोललेलं वाक्य आणि मुलीने लिहिलेलं वाक्य ही दोन वेगळी वाक्यं आहेत, फक्त ‘आणि’ दोन्हीकडे आहे म्हणून एक वाटतात.

आधी गोवा घ्या. १९८७ पर्यंत ‘गोवा, दमण आणि दीव’ हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. एकाच प्रदेशाचे तीन तुकडे, गोवा आणि दमणच्या मधे आपली अख्खी कोकणपट्टी आणि मुंबई, दीव तर पार सौराष्ट्राच्या काठाला. प्रदेशाचं नाव घेताना ‘आणि’च म्हणायचं. पण त्या प्रदेशातला एक माणूस उभा करा आणि विचारा हा कुठे राहतो, तर उत्तर येणार गोव्यात किंवा दमणला किंवा दीवला. ‘हा गोव्यात आणि दमणला आणि दीवला राहतो’ असं कोणी म्हटलं तर आपण म्हणू, तीन तीन घरं आहेत की काय याला!

डोमेनचंही तेच. (मराठी पुस्तकात डोमेनला ‘प्रांत’ म्हणतात, मला तो शब्द वाचला की अजून दाखल्यासाठी प्रांत ऑफिसला मारलेल्या चकरा आठवतात, पण इथे शब्द अगदी चपखल आहे.) प्रांत दोन तुकड्यांचा आहे, एक तुकडा −3 ला संपतो आणि दुसरा 5 ला सुरू होतो. तुम्ही बोलताना अख्ख्या प्रांताचं वर्णन करता, म्हणून ‘आणि’. मुलीने लिहिलं ते x बद्दल, आणि x हा एका वेळी एकच माणूस, सॉरी, एकच संख्या. एकच संख्या −3 च्या खालीही आणि 5 च्या वरही, अशी कुठे असणार? म्हणजे तिने जे लिहिलं त्याचा शब्दशः अर्थ होतो की या फलाच्या प्रांतात एकही संख्या नाही, रिकामा संच. तिच्या मनात तसं नव्हतं हे सरांनाही कळलंच असेल, पण पेपर तपासताना मनातलं नाही, कागदावरचं तपासतात.

आता या घोळाला आपली भाषासुद्धा थोडी जबाबदार आहे. ‘मुलगा–मुलगे’ मधे एक की अनेक ते नामावरूनच कळतं. ‘संख्या’चं अनेकवचनही ‘संख्या’च. ‘वजा तीनच्या खालची संख्या’ म्हटलं की एक आणि ‘खालच्या संख्या’ म्हटलं की अनेक, फरक सगळा त्या ‘ची’ आणि ‘च्या’त किंवा मग ‘चालते–चालतात’ मधे. मुलं घाईत लिहितात तेव्हा ही शेपटं गळतात, नुसतं x उरतं, आणि x ला काय, ना एकवचन ना अनेकवचन. कुठे तिकिटाच्या खिडकीवर ‘पाच वर्षांखालील मुले आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश मोफत’ अशी पाटी असली तर आपण बिनधास्त नातवाला घेऊन आत जातो. तीच पाटी ‘ज्याचे वय पाचपेक्षा कमी आणि पासष्टपेक्षा जास्त आहे त्याला प्रवेश मोफत’ अशी केली की फुकट कोणीच जाणार नाही. अनेकवचनात ‘आणि’ने माणसं वाढली, एकवचनात अटी वाढल्या.

बरं, आता मुलीचं गणितच सोडवून बघू, कारण याच गणितात ‘आणि’ आणि ‘किंवा’ दोन्ही आपापल्या जागी लागतात आणि ते एकदा डोळ्यांनी बघितलं की परत चुकत नाही.

वर्गमूळाच्या आतलं ऋण नको, म्हणून

x² − 2x − 15 ≥ 0

अवयव पाडले की (x − 5)(x + 3) ≥ 0. दोन कंसांचा गुणाकार ऋण नको असेल तर दोन्ही कंस शून्य किंवा धन हवेत, नाहीतर दोन्ही शून्य किंवा ऋण हवेत. हेच नीट लिहिलं तर

(x ≥ 5 आणि x ≥ −3) किंवा (x ≤ 5 आणि x ≤ −3)

बघा, कंसाच्या आत ‘आणि’ आहे कारण त्याच एका x ने दोन्ही अटी एकदम पाळायच्या आहेत. जो 5 च्या पुढे आहे तो −3 च्या पुढे आहेच, म्हणून पहिल्या कंसातून x ≥ 5 उरतं. जो −3 च्या मागे आहे तो 5 च्या मागे आहेच, म्हणून दुसऱ्यातून x ≤ −3. आणि दोन कंसांच्या मधे ‘किंवा’, कारण x ने यातला एक रस्ता धरला तरी पुरे. शेवटी उरतं x ≤ −3 किंवा x ≥ 5. मुलीचं बहुतेक असं झालं असणार की कंसातले ‘आणि’ गाळत गाळत खाली आली आणि त्यातलाच एक हातात राहिला, तो शेवटच्या ओळीत बसवला.

पडताळा सोपा आहे, तीन संख्या घालून बघायच्या. x = 6 घातला तर 36 − 12 − 15 = 9, वर्गमूळ 3, छान. x = −4 घातला तर 16 + 8 − 15 = 9, परत 3. आणि मधला x = 0 घातला तर −15, इथे वास्तव संख्येत वर्गमूळ नाही. म्हणजे दोन्ही टोकांच्या बाहेरचं चालतं, मधलं चालत नाही.

आता याच गणिताची चिन्हं उलटी करा, √(15 + 2x − x²). टोकं तीच, −3 आणि 5, पण आता 0 घातला तर आत 15 येतात आणि 6 घातला तर −9. म्हणजे मधलं चालतं आणि बाहेरचं नाही. इथे गुणाकार (x − 5)(x + 3) ≤ 0 हवा, म्हणजे एक कंस शून्य किंवा धन आणि दुसरा शून्य किंवा ऋण:

(x ≥ 5 आणि x ≤ −3) किंवा (x ≤ 5 आणि x ≥ −3)

पहिला कंस ओळखीचा वाटतोय ना? मुलीने उत्तरात लिहिलेली ओळ हीच, फक्त उलट क्रमाने. आणि इथे आपण काय म्हणतो, असा x असूच शकत नाही, सोडून द्या. उरतो दुसरा कंस, x ≥ −3 आणि x ≤ 5, आणि इथे मात्र उत्तरात ‘आणि’च पाहिजे, ‘किंवा’ लिहिलं तर उलटी चूक, कारण प्रत्येक संख्या एकतर −3 च्या पुढे असतेच नाहीतर 5 च्या मागे असतेच, म्हणजे सगळ्याच संख्या आत आल्या. या ‘आणि’वाल्यालाच जोडून −3 ≤ x ≤ 5 असं लिहिता येतं. पहिल्या गणिताला काही मुलं तीच स्टाइल मारतात, −3 ≥ x ≥ 5. यात मधला x झाकून वाचा, वजा तीन हा पाचपेक्षा मोठा, असं निघतं. जोडून लिहायचं म्हणजे मधे न लिहिलेलं ‘आणि’ असतं, ‘किंवा’ला जोडून लिहिताच येत नाही.

म्हणून ‘डोमेनला नेहमी किंवा’ असं काही तिला पाठ करायला लावू नका, क्लासमधे असे शॉर्टकट मिळतात आणि पुढच्याच गणितात तोंडावर पडायला होतं.

एक अजून, तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या वाक्यात आहे म्हणून. ‘वजा तीनच्या खालच्या, पाचच्या वरच्या’ यात −3 आणि 5 स्वतः बाहेर पडतात. खरं तर x = 5 घातला तर आत शून्य येतं, आणि शून्याचं वर्गमूळ शून्य, काही अडत नाही. शिकवणारेसुद्धा बरेचदा ‘रूटच्या आत धन पाहिजे’ असं म्हणून जातात आणि तिथेच ही दोन टोकं मरतात. ‘ऋण नको’ म्हणावं, त्यात शून्य आपोआप येतं. आपल्याकडे यासाठी ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ हे फार गुणी शब्द आहेत. ‘पाच तारखेपर्यंत फॉर्म भरा’ म्हटलं की पाच तारीख धरून, ‘पाच तारखेपासून सुट्टी’ म्हटलं की पाचला घरीच. ≤ आणि ≥ खालची आडवी रेघ जे सांगते तेच हे शब्द सांगतात. हेच वर्गमूळ छेदात गेलं, 1/√(x² − 2x − 15), तर मात्र शून्याने भागता येत नाही म्हणून टोकं गळतात आणि तिथे तुमचं ‘खालच्या’ आणि ‘वरच्या’ अगदी बरोबर बसेल, x < −3 किंवा x > 5.

संचाच्या खुणेत उत्तर (−∞, −3] ∪ [5, ∞) असं येतं. ही ∪ ची खूण म्हणजे संयोग, आणि बरीच मुलं ती मनात ‘आणि’ अशी वाचतात, तिथूनही हा घोळ शिरतो. दोन संचांच्या मधे उभं राहून ‘हा संच आणि तो संच मिळून’ असं म्हटलं तर चूक नाही, पण तेच x वर उतरवताना ‘x यात किंवा त्यात’ होतं.

मार्कासाठी भांडायला जाऊ नका. पण पुढच्या वेळी तिला ‘आणि’च लिहायचं असेल तर x ला एकटं न ठेवता असं लिहू दे : ‘−3 पर्यंतच्या सर्व वास्तव संख्या आणि 5 पासून पुढच्या सर्व वास्तव संख्या मिळून या फलाचा प्रांत होतो.’ या ओळीचा मार्क कापला तर मात्र मला सांगा, मी येतो भांडायला.