बायनरी बेरीज डेसिमलशी जुळत नसेल तर फरक किती ते बघा

प्रश्न: बायनरीत १+१+१ आलं की हातचा कसा न्यायचा? आणि डेसिमलमध्ये तपासल्यावर उत्तर जुळत नसेल तर चूक कुठे शोधायची?

तीन एकांची बेरीज तीन, बायनरीत ११. खाली १ लिहा, हातचा १. दोन संख्यांच्या बेरजेत याहून मोठं काही येतच नाही, कारण एका घरात दोन आकडे आणि फार तर एक हातचा असतो.

तपासणीबद्दल मात्र सविस्तर लिहिते. डिप्लोमाच्या मुलांना शिकवत होते तेव्हा यावरून माझं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी चांगलंच वाजलं होतं. सर मुलांना सांगायचे, दोन्ही संख्या डेसिमलमध्ये आणा, तिथे बेरीज करा आणि उत्तर परत बायनरीत लिहा. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. यात बायनरी बेरीज होतच नाही. शिवाय डेसिमलची वाट आधीच वापरून झाल्यामुळे तपासायला काही उरत नाही.

परीक्षेत आठ बिटांच्या रजिस्टरमधली बेरीज विचारली होती. एका मुलीने ती अशी मांडली, वरची ओळ हातच्यांची:

```
 ११११११११
  १०११०१११
+ ०११०११०१
----------
 १००१००१००
```

आणि खाली लिहिलं, "रजिस्टरमध्ये ००१००१००, कॅरी १." सरांनी गुण कापले. म्हणाले, "१८३ आणि १०९ मिळून २९२ होतात. हिच्या रजिस्टरमध्ये ३६ आहेत. जुळतंय कुठे?" मी म्हटलं, "सर, तो कॅरी नवव्या घरातला आहे, त्याची किंमत २५६. छत्तीसमध्ये मिळवा, २९२ येतात. आठ बिटांत २५५ च्या वर मावतच नाही, म्हणून तो बाहेर पडला आणि तिने तो बाहेरच लिहिला." त्यावर "मुलांना एवढं खोलात कशाला न्यायचं" म्हणून त्यांनी पेपर मिटला. त्या मुलीचे गुण काही मिळाले नाहीत. तिला हातचा कुठे जातो हे वर्गातल्या बहुतेकांपेक्षा जास्त नीट कळलं होतं.

आता तुमच्या चुकीकडे येते. डेसिमलची तपासणी "बरोबर की चूक" एवढंच सांगते असं समजू नका. बरोबर उत्तर आणि तुमचं उत्तर यांतला फरक काढा. वरच्याच बेरजेत तुम्हाला १०००१०१००, म्हणजे २७६ मिळाले असं धरा. फरक १६. मग उजवीकडून १६ च्या किमतीचं घर, म्हणजे पाचवं घर बघा. तिथे येणारा हातचा तुम्ही मिळवायला विसरलात. एक हातचा सुटला की उत्तर नेमकं त्या घराच्या किमतीएवढं कमी येतं, पुढची बेरीज कितीही नीट केलीत तरी. १+१+१ ला खाली ० लिहिलंत तरी तसंच, फरक त्याच घराच्या किमतीचा पडतो. इथे सहाव्या घरात तसं झालं तर ३२ कमी येतील. फरक ४८ असेल तर बहुधा ३२ आणि १६ या दोन्ही घरांत गडबड आहे.

डेसिमलमध्ये नेताना पुष्कळ जण १, २, ४, ८ अशा किमती लिहून मिळवतात आणि लांबलचक संख्येत एखादं घर सरकतं. मी डावीकडून जाते: आधीचं दुप्पट करायचं, पुढचा आकडा मिळवायचा. १००१००१०० चे १, २, ४, ९, १८, ३६, ७३, १४६, २९२. मध्ये शून्य कितीही येऊ देत, घर चुकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. चार-पाच संख्या एकाखाली एक मांडल्या तर एका घरात चार एक येऊ शकतात. त्याचे १००, म्हणजे हातचा एक घर सोडून पुढच्या घरात जातो. सवय होईपर्यंत दोन-दोनच संख्या मिळवा.

आणि चिन्हांकित संख्या असतील तर तपासण्याआधी त्या कशा वाचायच्या ते ठरवा. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये १०११०१११ म्हणजे १८३ नाही, १८३ वजा २५६, म्हणजे -७३. त्यात १०९ मिळवले की ३६ येतात आणि बाहेर पडलेला कॅरी सोडून द्यायचा असतो. म्हणजे सरांनी ज्यावर रेघ मारली ते ००१००१०० तेव्हा कॅरीशिवायही पूर्ण बरोबर उत्तर आहे. तुमच्या शिक्षकांनी "जुळत नाही" म्हणून गुण कापले तर आधी विचारा, संख्या किती बिटांच्या आहेत आणि चिन्ह धरायचं की नाही.