निकालाच्या कागदावरचे YTD आणि QoQ

टीसीएसचा डिसेंबर 2023 तिमाहीचा निकाल चाळत होतो. महसुलाची वाढ एका ठिकाणी दीड टक्का, दुसरीकडे चार टक्के आणि तिसरीकडे आठ टक्के निघाली. बाजूला QoQ, YoY, YTD अशी अक्षरं. यातला खरा आकडा कोणता धरायचा?
*— ठाण्याचे एक वाचक*

तिन्ही खरे आहेत, कारण तिघांची तुलना वेगवेगळ्या काळाशी आहे. QoQ म्हणजे क्वार्टर ऑन क्वार्टर. ही तिमाही आणि तिच्या लगेच आधीची तिमाही यांची ती तुलना. YoY मध्ये हीच तिमाही मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीसमोर ठेवतात. YTD म्हणजे इयर टू डेट, आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून या तिमाहीअखेरपर्यंतची बेरीज. डिसेंबरच्या निकालात ती एप्रिल ते डिसेंबर अशा नऊ महिन्यांची असते. शेअर बाजाराला सादर होणाऱ्या मूळ तक्त्यात बहुतेक वेळा YTD ही अक्षरं सापडत नाहीत. तिथे रकान्याच्या डोक्यावर ‘नऊ महिने, 31 डिसेंबर अखेर’ असं लिहिलेलं असतं. QoQ चा टक्का तर त्या तक्त्यात बहुधा नसतोच. तक्ता रकमा देतो, टक्के प्रसिद्धिपत्रकात आणि ब्रोकरच्या टिपणात येतात.

आता आकडे मांडू, सगळे कोटी रुपयांत. डिसेंबर 2023 तिमाहीचा महसूल 60,583. आधीच्या सप्टेंबर तिमाहीत तो 59,692 होता, म्हणजे वाढ 891 ची, साधारण 1.5 टक्के. हा झाला QoQ. डिसेंबर 2022 तिमाहीत महसूल 58,229 होता. त्यावर वाढ 4 टक्के, तो YoY. एप्रिल ते डिसेंबर 2023 या नऊ महिन्यांची बेरीज 1,79,656 आणि आदल्या वर्षीच्या नऊ महिन्यांची 1,66,296. वाढ 8 टक्के, तो YTD.

या तिघांत YTD चा आकडा सर्वांत देखणा आहे आणि नेमकी तिथेच सावधगिरी हवी. ते आठ टक्के कुठून आले ते तिमाही-तिमाही सोडवून बघा. आदल्या वर्षाच्या तुलनेत जून तिमाहीत वाढ सुमारे 12.6 टक्के होती, सप्टेंबरमध्ये 7.9 आणि डिसेंबरमध्ये 4. म्हणजे वेग दर तिमाहीला उतरत होता, पण जूनचा जुना जोर बेरजेत बसल्यामुळे YTD आठावर टिकून राहिला. YTD ही बेरीज असल्यामुळे मंदावणं तिच्यात उशिरा उमटतं आणि सावरणंही उशिराच. मार्च 2024 तिमाहीत वाढ 3.5 टक्क्यांवर आली आणि पूर्ण वर्षाची 6.8 टक्क्यांवर. डिसेंबरचं YTD बघून ‘वर्ष आठ टक्क्यांनी संपेल’ असं ज्यांनी गृहीत धरलं असेल, त्यांना ही घसरण अचानक वाटली असणार. तिमाह्या सुट्या करून बघणाऱ्याला ती आधीच दिसत होती.

म्हणून माझा आग्रह असा, की YTD एकट्याने कधीच वाचू नका. तो आजच्या YoY शेजारी ठेवा. YTD वर आणि YoY खाली असेल तर वेग कमी होतो आहे, उलट असेल तर वाढतो आहे. कागदावर इतर काहीही लिहिलेलं असो, एवढी तुलना एका मिनिटात होते.

नफ्याच्या ओळीला आणखी एक गोष्ट लागते. त्याच डिसेंबर तिमाहीत टीसीएसने एका कायदेशीर दाव्यापोटी 958 कोटींची एकरकमी तरतूद केली. त्यामुळे भागधारकांच्या वाट्याचा निव्वळ नफा 11,342 कोटींवरून 11,058 कोटींवर आला, म्हणजे QoQ अडीच टक्के घट. ती तरतूद वगळली तर नफा वाढलेला होता. QoQ मध्ये पाया फक्त एका तिमाहीचा असतो, त्यामुळे असा एकच खर्च सगळं चित्र फिरवतो. ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ वाचल्याशिवाय नफ्याच्या QoQ वर मत बनवू नये.

एसी बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले आणि सप्टेंबरच्या निकालात विक्री QoQ जवळजवळ निम्म्यावर आली. कंपनीत काही गडबड आहे का? विकून मोकळं व्हावं का?
*— नाशिकच्या एक वाचक*

विकावं की ठेवावं हे मी इथून सांगणार नाही, ताई. पण फक्त या आकड्यावरून विकू नका. तुम्ही कंपनीचं नाव दिलेलं नाही, म्हणून व्होल्टासचं उदाहरण घेते. जून 2024 तिमाहीत तिचा महसूल सुमारे 4,900 कोटी होता आणि सप्टेंबर 2024 तिमाहीत सुमारे 2,600 कोटी. QoQ बघितलं तर 47 टक्क्यांच्या आसपास घट. पण सप्टेंबर 2023 तिमाहीत हाच महसूल सुमारे 2,300 कोटी होता, म्हणजे YoY चौदा टक्क्यांच्या आसपास वाढ. उन्हाळ्यात विकलेल्या मालाची तुलना पावसाळ्यातल्या विक्रीशी केल्यावर घट दिसणारच.

हंगामी धंद्यात QoQ ला फारसा अर्थ नसतो. सिमेंट पावसाळ्याच्या तिमाहीत मंद असतं, दागिन्यांचा धंदा सणासुदीला आणि लग्नसराईत उसळतो, साखर कारखान्यांचं गाळप हिवाळ्यात चालतं. आयटी कंपन्यांनाही सौम्य हंगाम असतो, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या सुट्ट्यांमुळे कामाचे दिवस कमी भरतात. त्यामुळे अशा कंपन्यांत YoY आधी बघायचा.

मग QoQ कशासाठी? जिथे हंगाम फारसा नाही आणि बदल ताजा आहे, तिथे तो सर्वांत आधी बोलतो. बँकेची थकीत कर्जं, कंपनीचं एकूण कर्ज, नफ्याचं विक्रीशी प्रमाण, आयटीतल्या कर्मचाऱ्यांची संख्या या गोष्टी मी QoQ ने बघते. हंगामी कंपनीचा QoQ बघायचाच असेल, तर मागच्या तीन-चार वर्षांत जूनवरून सप्टेंबरला किती घट होत आली ते काढा. दरवर्षी निम्म्याने उतरणारी विक्री यंदाही निम्म्याने उतरली तर ती बातमी नाही. यंदा दोन तृतीयांशाने उतरली, तर मात्र चौकशी करावी.

मार्चच्या निकालाखाली टीप होती की शेवटच्या तिमाहीचे आकडे ‘बॅलन्सिंग फिगर’ आहेत. म्हणजे ते खरे मोजलेले नाहीत का?
*— पुण्याचे एक वाचक*

मोजलेलेच असतात, पण वजाबाकीने काढलेले असतात. सेबीच्या नियमांनुसार पहिल्या तीन तिमाह्यांचे निकाल 45 दिवसांत द्यायचे असतात आणि लेखापरीक्षकाचा लिमिटेड रिव्ह्यू, म्हणजे मर्यादित तपासणी, त्यांना पुरते. पूर्ण वर्षाचे निकाल 60 दिवसांत द्यायचे आणि त्यांचं पूर्ण ऑडिट झालेलं असावं लागतं. मार्च तिमाहीचं वेगळं ऑडिट करायची गरज नसते. ऑडिट झालेल्या वर्षाच्या रकमेतून डिसेंबरपर्यंतचा प्रसिद्ध झालेला YTD वजा केला की उरते ती चौथी तिमाही. टीसीएसच्या आकड्यांवर करून बघा. 2023-24 या वर्षाचा महसूल 2,40,893 कोटी. त्यातून 1,79,656 वजा केले की 61,237 उरतात. मार्च तिमाहीच्या रकान्यात हाच आकडा आहे.

अडचण कुठे येते ते सांगते. वर्षअखेरीच्या ऑडिटमध्ये गोदामातल्या मालाची किंमत कमी धरावी लागली, येणी बुडीत ठरली किंवा कराचा वर्षभराचा अंदाज चुकला, तर त्याचा परिणाम खरं तर वर्षभराचा असतो. पण आधीचे नऊ महिने छापून झालेले असतात, म्हणून सगळा भार शेवटच्या तिमाहीवर पडतो. महसूल सपाट असताना नफा QoQ एकदम कोसळतो किंवा उसळतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

ओळखायचं कसं? मार्च तिमाहीतला ‘इतर खर्च’ महसुलाच्या किती टक्के आहे ते काढा आणि आधीच्या तीन तिमाह्यांशी ताडून बघा. मग कराचा आकडा करपूर्व नफ्याच्या किती टक्के आहे ते बघा. दोन्हींपैकी एखादा नेहमीच्या पट्ट्यातून बराच बाहेर गेला असेल, तर त्या तिमाहीचा QoQ बाजूला ठेवा आणि पूर्ण वर्षाची तुलना वापरा. मार्चवरून जूनला जाताना हीच खबरदारी घ्यावी लागते, कारण त्या वेळी मार्चचाच आकडा पाया होतो.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये शेअरपुढे YTD मायनस दाखवतं आणि कंपनी म्हणते YTD वाढ झाली. कोणाचं ऐकायचं?
*— पणजीचे एक वाचक*

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपमधला YTD शेअरच्या भावाचा असतो आणि तो बहुधा 1 जानेवारीपासून मोजतात. कंपनीचा YTD धंद्याचा असतो आणि तो तिच्या आर्थिक वर्षापासून मोजतात, आपल्याकडे सहसा 1 एप्रिलपासून. वर्षाची सुरुवात सगळीकडे सारखी नसते. मायक्रोसॉफ्टचं वर्ष जुलैत सुरू होतं. नेस्ले इंडियाचं जानेवारीत व्हायचं, मग एप्रिल-मार्चवर येण्यासाठी कंपनीने जानेवारी 2023 ते मार्च 2024 असं पंधरा महिन्यांचं एक आर्थिक वर्ष केलं. त्या पंधरा महिन्यांशी पुढचे बारा महिने ताडले तर घट दिसेल, पण तिचा धंद्याशी संबंध नाही. म्हणून रकान्याच्या डोक्यावर किती महिने लिहिलेत ते आधी वाचा.

डिसेंबरच्या निकालातलं नऊ महिन्यांचं प्रति शेअर उत्पन्न घेऊन पीई काढला तर शेअर फार महाग वाटला. पद्धत चुकली का?
*— कोल्हापूरचे एक वाचक*

हो, चुकली. निकालाच्या तक्त्यात तिमाहीच्या आणि नऊ महिन्यांच्या प्रति शेअर उत्पन्नाशेजारी ‘वार्षिक केलेलं नाही’ अशी बारीक टीप असते. भाव पूर्ण किमतीचा आणि उत्पन्न पाऊण वर्षाचं घेतलं की पीई फुगतो. नऊ महिन्यांना चार तृतीयांशाने गुणून वर्ष बनवण्याचा मोहही टाळा, हंगामी कंपनीत तो अंदाज पार फसतो.

शेवटचे बारा महिने काढायला YTD चाच उपयोग होतो. मागचं पूर्ण वर्ष घ्या, त्यात यंदाचा YTD मिळवा आणि मागच्या वर्षीचा त्याच काळाचा YTD वजा करा. तिन्ही रकमा एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. टीसीएसच्या महसुलावर:

```
2,25,458 + 1,79,656 − 1,66,296 = 2,38,818
```

म्हणजे जानेवारी ते डिसेंबर 2023 चा महसूल 2,38,818 कोटी. प्रति शेअर उत्पन्नालाही हीच रीत लावा आणि मग भावाला त्याने भागा. मधल्या काळात बोनस किंवा शेअर विभाजन झालं असेल, तर तिन्ही आकडे ताज्याच निकालातून घ्या. कंपनी जुनं प्रति शेअर उत्पन्न नव्या शेअरसंख्येनुसार बदलून छापते, जुन्या कागदात ते तसं नसतं.