पहिला ड्रॉइंग टॅब्लेट: लेव्हलचे आकडे सोडा, वर्तुळ गोल येतं का ते बघा

*‘मंडळी, माझी भाची यंदा चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला ड्रॉइंग टॅब्लेट घेऊन द्यायचा आहे. घरी साधा लॅपटॉप आहे. कुठे २०४८ लेव्हल लिहिलंय, कुठे ८१९२, किती हव्यात? छोटा चालेल का? स्क्रीनवालाच घ्यावा का? कुणी वापरत असेल तर सुचवा.’*

आधीच सांगते, मी कुठल्याही कंपनीची बाजू घेत नाहीये. मी रोज यावर काम करते, पण माझं काम इलस्ट्रेशनचं. थ्रीडी किंवा ॲनिमेशनवाल्यांचं मत वेगळं असू शकतं.

बिनस्क्रीनचा, मध्यम आकाराचा आणि बिनबॅटरीच्या पेनचा टॅब्लेट घ्या. वॅकॉमचा इंट्युओस किंवा ‘वन बाय वॅकॉम’चा मीडियम, नाहीतर ह्युऑन किंवा एक्सपी-पेनचा तेवढ्याच आकाराचा. पहिल्या वर्षाला यातला कुठलाही पुरतो. लेव्हल म्हणजे पेनवरचा दाब ओळखायच्या पायऱ्या, त्यांच्या आकड्यांकडे लक्ष देऊ नका. २०४८ आणि ८१९२ मधला फरक हाताला कळत नाही. हाताला कळतं ते हे, की अगदी हलकं टेकवल्यावर रेघ उमटायला लागते का. काही पेनांना आधी थोडं दाबावं लागतं, तेव्हा कुठे रेघ सुरू होते, आणि मग बारीक छटा करताना चिडचिड होते. किती दाबावं लागतं, हे खोक्यावर बहुधा नसतं. दुकानात हातात घेऊनच बघा.

आता आकार. जाहिरातीत टॅब्लेटची पूर्ण लांबी-रुंदी मोठ्या अक्षरांत असते, पण पेन चालतं ते फक्त मधल्या भागात. ‘ॲक्टिव्ह एरिया’ म्हणून जे लिहिलेलं असतं, तेवढंच खरं. वॅकॉमच्या छोट्यात तो १५२ बाय ९५ मिमी आहे, मीडियममध्ये २१६ बाय १३५. छोट्यावर हात मनगटातून चालतो. कॉलेजात तिला कोपरापासून हात मोकळा ठेवून रेघ ओढायला शिकवणार आणि घरी येऊन ती मनगटावर रेघोट्या मारणार, म्हणून मी छोट्याच्या विरोधात आहे. फोटो टचअप करणाऱ्याला छोटा उत्तम, चित्रकाराला नाही.

दुसरी गोष्ट दुकानदार कधीच सांगत नाहीत. २१६ बाय १३५ हे प्रमाण १६:१० आहे आणि बऱ्याच लॅपटॉपांचा स्क्रीन १६:९, म्हणजे १९२० बाय १०८०. टॅब्लेट जोडला की पूर्ण ॲक्टिव्ह एरिया पूर्ण स्क्रीनवर ताणला जातो. हिशोब करून बघा: आडवा एक मिलिमीटर म्हणजे साधारण ८.९ पिक्सेल आणि उभा एक मिलिमीटर म्हणजे ८. आता ४० मिमी व्यासाचं बाटलीचं झाकण टॅब्लेटवर ठेवा आणि पेनने त्याच्याभोवती रेघ काढा. स्क्रीनवर ते ३५६ पिक्सेल रुंद आणि ३२० पिक्सेल उंच येतं. वर्तुळ दहा-अकरा टक्क्यांनी फुगलेलं. नवख्या मुलीला हे डोळ्याने लगेच कळत नाही. तिला वाटतं आपलाच हात वाकडा आहे, आणि ती हळूहळू उभट वर्तुळ काढायला शिकते, म्हणजे स्क्रीनवर गोल दिसेल. मग कागदावर सगळं बिघडतं.

उपाय एका टिचकीचा आहे. वॅकॉमच्या सेटिंगमध्ये `Mapping` खाली `Force Proportions` असं लिहिलेलं आहे, तिथे खूण करा. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही स्क्रीनचं प्रमाण राखण्याची अशीच सोय सापडते. मग मीडियमची खालची साडेतेरा मिलिमीटरची पट्टी वापरात राहत नाही, १३५ ऐवजी १२१.५ मिमी उंची मिळते. छोट्यात साडेनऊ मिलिमीटर जातात. आधीच कमी असलेल्या जागेतून! मीडियमच घ्या म्हणते ते यासाठीही. लॅपटॉपचा स्क्रीन १९२० बाय १२०० असेल तर प्रमाण जुळतंच, काही करायला नको. आणि दुसरा मॉनिटर जोडलेला असेल तर टॅब्लेट एकाच स्क्रीनला बांधा. दोन्हींवर पसरला की तेच झाकण ७११ बाय ३२० होतं, ते वर्तुळ राहतच नाही.

आता माझं दुखणं. तुमच्या घरी आधीचा एखादा टॅब्लेट वापरात असेल तर हे नीट वाचा. माझा नवा टॅब्लेट सुरुवातीपासून एकसारखी जाड रेघ द्यायचा. दाब घेतच नव्हता. पेन टेकवून क्षणभर थांबलं की टोकाभोवती एक गोल उमटायचा आणि मग रेघ उडी मारून पुढे जायची. सर्व्हिस सेंटरने आधी पेन खराब म्हणून नवं पेन विकत घ्यायला लावलं. त्याने फरक पडला नाही, तेव्हा ‘बोर्ड गेलाय, वॉरंटीत बसत नाही’ असं सांगून टॅब्लेट कित्येक आठवडे ठेवून घेतला. लॅपटॉप घेऊन या, असं एकाही माणसाने म्हटलं नाही. टॅब्लेट परत आल्यावर मैत्रिणीच्या लॅपटॉपला जोडला, तर लगेच व्यवस्थित चालला! माझ्या लॅपटॉपवर आधीच्या दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर तसाच पडून होता आणि दोघं एकमेकांत अडकले होते. ते नवं पेन अजून ड्रॉवरमध्ये आहे, कारण एका मॉडेलचं पेन दुसऱ्याला बहुधा चालत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून दाब येत नसेल तर कुणाच्याही काउंटरवर जाण्याआधी दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघा. तिथे चालला तर दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. मग सगळे टॅब्लेट ड्रायव्हर काढा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि कंपनीच्या साइटवरून एकच नवा टाका. क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये `Tablet Tester` उघडून पेन दाबलं की दाबाचा आकडा हलताना दिसतो. आकडा हलतोय आणि रेघ एकसारखीच येतेय, तर पेन ठीक आहे, ब्रशचं सेटिंग बघा. विंडोजवर आणखी एक भानगड आहे: `Windows Ink`. काही सॉफ्टवेअरना ते सुरू लागतं, काहींना बंद, त्यामुळे एकदा उलटसुलट करून बघाच. मॅकवर असाल तर `Privacy & Security` मध्ये टॅब्लेटच्या ड्रायव्हरला परवानगी दिलीय का तेवढं पाहा. ती नसेल तर पेन कर्सरसुद्धा नीट हलवत नाही.

स्क्रीनवाल्याबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. पहिल्या वर्षी नको. हात टॅब्लेटवर आणि नजर समोरच्या स्क्रीनवर, हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय होते आणि मान वाकत नाही. स्क्रीनवाल्याला जादा केबल लागतात, लॅपटॉपला योग्य पोर्ट आहे का ते बघावं लागतं, आणि त्याच पैशात जो मिळतो त्याचे रंग बहुतेक वेळा लॅपटॉपपेक्षा वेगळे दिसतात.

जाता जाता, पेनची निब झिजते. टोक एका बाजूने सपाट होऊन कडेला धार आली की बदला, नाहीतर ती टॅब्लेटचा पृष्ठभाग ओरखडते. जादा निब बहुतेक वेळा खोक्यातच असतात, पण कधीकधी पेनच्या स्टँडच्या आत लपवलेल्या असतात. लॅपटॉप विंडोजचा आहे की मॅकचा, आणि स्क्रीन किती बाय किती, ते कळवा. मग सेटिंग नेमकं कुठे ते सांगते.