भडंगच्या पाकिटाचे तीन आकडे: १४५, ४८३ आणि ९६६

प्रश्न: जयसिंगपूरहून आणलेलं भडंगचं २०० ग्रॅमचं पाकीट आहे. मागे 'दर १०० ग्रॅम' खाली ४८३ किलोकॅलरी, आणि 'पर सर्व्ह ३० ग्रॅम' खाली १४५. त्याच ओळीत ७ टक्के असंही छापलंय. प्रोटीन ९, कार्बोहायड्रेट ६०, फॅट २३. 'सर्व्हिंग सुमारे ७' असंही आहे. अख्ख्या पाकिटात नक्की किती कॅलरी धरायच्या? आणि हे मोजतात तरी कशावरून?

उत्तर:

अख्ख्या पाकिटात ९६६. दर १०० ग्रॅमचा आकडा घ्यायचा आणि पाकिटाच्या निव्वळ वजनाप्रमाणे गुणायचा: २०० ग्रॅम म्हणजे ४८३ ची दुप्पट. १४५ ला ७ ने गुणलंत तर १,०१५ येतील आणि ते चूक आहे. का, ते पुढे सांगतो. आधी मोजतात कशावरून ते बघू, कारण तुम्ही दिलेल्या प्रोटीन, कार्बोहायड्रेट आणि फॅटच्या आकड्यांवरून तो हिशेब घरीच करता येतो.

१ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी. बोलताना आपण जिला नुसती 'कॅलरी' म्हणतो ती हीच, त्यामुळे दोन शब्द बघून गोंधळायचं कारण नाही. १४५ किलोकॅलरी उष्णता काहीही वाया न जाता पाण्यात गेली, तर २ लिटरचं पातेलं २५ अंशांवरून जवळपास ९७ अंशांपर्यंत जाईल, म्हणजे उकळीच्या तोंडाशी. ३० ग्रॅम भडंगमधून शरीराला मिळू शकणारी ऊर्जा एवढी आहे.

'मिळू शकणारी' हा शब्द मुद्दाम वापरला. पदार्थ प्राणवायू भरलेल्या पोलादी भांड्यात जाळून भोवतीचं पाणी किती तापलं ते मोजता येतं. पण तसं मोजल्यावर येणारा आकडा पाकिटावरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. पोट म्हणजे भट्टी नव्हे. खाल्लेल्यातलं थोडं न पचता बाहेर पडतं, आणि प्रोटीनमधला नायट्रोजन शरीर पूर्ण जाळत नाही, तो युरियाच्या रूपात लघवीतून जातो. त्यासोबत थोडी ऊर्जाही जाते. भट्टीत १ ग्रॅम प्रोटीन साधारण साडेपाच किलोकॅलरी देतं, शरीरात त्यातल्या ४ च हाताशी येतात. ही वजावट माणसांवर प्रयोग करून अ‍ॅटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडली. त्यातून आलेले गुणक आजही जगभर लेबलांवर चालतात: प्रोटीन ४, कार्बोहायड्रेट ४, फॅट ९.

आता तुमचं पाकीट. प्रोटीन ९ गुणिले ४ म्हणजे ३६. कार्बोहायड्रेट ६० गुणिले ४ म्हणजे २४०. फॅट २३ गुणिले ९ म्हणजे २०७. बेरीज ४८३, लेबलाशी तंतोतंत जुळते. म्हणजे तुमचं भडंग कुणी जाळून बघितलेलं नाही, हा आकडा गुणाकार करून आलेला आहे. बहुतेक सगळ्या पाकिटांचं असंच असतं आणि त्यात लबाडी काही नाही, पद्धतच ती आहे. शंका आली की ही बेरीज मारून बघायची. दहाएक किलोकॅलरींचा फरक चालतो. आकडे पूर्णांकात छापलेले असतात, शिवाय तंतूंसाठी, म्हणजे फायबरसाठी, काही जण ४ ऐवजी २ धरतात. पण बेरीज ४८३ आणि छापलेत ४१० असं दिसलं तर तक्त्यात कुठेतरी चूक आहे. बहुधा जुन्या कृतीचा एखादा आकडा तसाच राहिलेला असतो.

मग प्रोटीन, फॅट हे तरी कसे मोजतात? प्रयोगशाळेत अख्ख्या पाकिटातला माल दळून एकजीव करतात. त्यातला एक भाग ओव्हनमध्ये वाळवून पाणी किती ते काढतात, एक भाग भट्टीत जाळून राख किती उरते ते बघतात. नायट्रोजन मोजून, बहुतेक पदार्थांसाठी ६.२५ ने गुणून, प्रोटीन काढतात, आणि द्रावकाने धुऊन फॅट. कार्बोहायड्रेट मात्र बहुतेक वेळा वेगळं मोजत नाहीत. शंभरातून बाकीचं सगळं वजा केलं की जे उरतं ते कार्बोहायड्रेट. समजा तुमच्या भडंगमध्ये पाणी ४ आणि राख ४ आली, त्यात प्रोटीन ९ आणि फॅट २३ मिळवले की ४० झाले, उरले ६०. या वजाबाकीमुळे बाकीच्या मोजण्यांतली प्रत्येक चूक कार्बोहायड्रेटच्या खात्यात जाऊन बसते. फायबरही त्यातच असतं.

आता सर्व्हिंगकडे येतो, कारण लोक फसतात ते इथे. १०० ग्रॅमचा आकडा तुलनेसाठी असतो. या भडंगमध्ये जास्त की शेजारच्या फरसाणात, हे त्यावरून कळतं, मग पाकिटं कुठल्याही मापाची असोत. 'पर सर्व्ह' म्हणजे माणूस एका वेळी खाईल असं धरलेलं प्रमाण, आणि आपल्याकडे ते प्रमाण पाकीट बनवणाराच लेबलावर ठरवतो. एकाने ३० ग्रॅम धरलं आणि दुसऱ्याने २० ग्रॅम, तर दुसऱ्याचं भडंग उगाच हलकं वाटतं: १४५ च्या जागी ९७. माल मात्र तोच. म्हणून दोन पाकिटं समोरासमोर ठेवताना सर्व्हिंगच्या रकान्याकडे बघूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

७ टक्क्यांचं काय? अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे दिवसाची गरज २,००० किलोकॅलरी धरून एका सर्व्हिंगचा वाटा किती ते टक्क्यांत छापतात. १४५ भागिले २,००० म्हणजे ७ टक्के आणि थोडं वर. अडचण अशी की बऱ्याच लेबलांवर सर्व्हिंगच्या किलोकॅलरींचा वेगळा रकाना नसतोच. 'एनर्जी' या शब्दापुढे आधी १०० ग्रॅमचा आकडा आणि लगेच शेजारी सर्व्हिंगचा टक्का, एवढंच असतं. ४८३ आणि ७ टक्के एका ओळीत दिसले की वाचणारा समजतो, ४८३ म्हणजे दिवसाचे ७ टक्के. प्रत्यक्षात ४८३ म्हणजे २४ टक्के, आणि अख्खं पाकीट म्हणजे ४८. टक्का दिसला की आधी रकान्याचं डोकं वाचायचं: तो कशाचा आहे, १०० ग्रॅमचा की सर्व्हिंगचा. आणि तो टक्का २,००० वाल्या माणसाचा आहे. तुमची गरज १,६०० असेल तर तेच १४५ तुमच्यासाठी ९ टक्के होतात.

आता ते १,०१५. २०० भागिले ३० म्हणजे ६.६७ सर्व्हिंग. ते 'सुमारे ७' असं छापलं की पाकिटात नसलेलं १० ग्रॅम भडंग हिशेबात शिरतं. म्हणून पूर्ण पाकिटासाठी नेहमी १०० ग्रॅमच्या आकड्यावरूनच जायचं. छोट्या पाकिटात उलटी गफलत होते. ४५ ग्रॅमचं पाकीट हातात आलं की ते एकाच माणसाचं आणि एकाच वेळचं वाटतं, पण सर्व्हिंग ३० चं असेल तर त्यात दीड सर्व्हिंग आहे आणि फोडून संपवलं की २१७ किलोकॅलरी पोटात गेल्या. छापलेले १४५ वाचून खाणाऱ्याने ७२ कमी धरल्या.

घरी नीट धरायचं असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. चुरमुरे हवेने फुगलेले असतात, वाटीवरून वजन कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामं ताट ठेवा, काटा शून्यावर आणा, रोज घेता तेवढं भडंग ओता आणि वाचा. आलेले ग्रॅम गुणिले ४.८३. ६५ ग्रॅम भरलं तर ३१४. एकदा मोजलंत की त्याच ताटाचा अंदाज पुढे कामाला येतो. वरून बारीक चिरलेला कांदा घालत असाल तर त्याचं फारसं मनावर घेऊ नका, ५० ग्रॅम कांद्यात साधारण २० किलोकॅलरी. पण वरून कच्चं तेल सोडत असाल तर तो चमचा लेबलात कुठेही धरलेला नाही, आणि ५ ग्रॅम तेल म्हणजे सरळ ४५.

भडंगच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुम्ही स्वतः बघू शकता. पाकीट आडवं धरून तळाशी बघा. शेंगदाणे, तळलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि तेलात भिजलेला मसाला खाली उतरलेला असतो, हलके चुरमुरे वर. नुसत्या चुरमुऱ्यांत १०० ग्रॅमला ४०० च्या आसपास किलोकॅलरी असतात, शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. लेबलावरचे ४८३ हे अख्खं पाकीट एकजीव केल्यावरची सरासरी आहे. वरून काढलेली पहिली वाटी १४५ पेक्षा कमीची, आणि तळाची शेवटची वाटी, जिच्यासाठी घरात भांडणं होतात, ती बरीच जास्तीची. त्या वाटीतले शेंगदाणे नीट चावले गेले नाहीत तर त्यातलं थोडं तेल न पचता बाहेर पडतं, कारण दाण्याच्या पेशींच्या भिंती फुटल्याशिवाय तेल सुटत नाही. अख्ख्या बदामांवर असं मोजून झालं आहे आणि मिळालेली ऊर्जा ४-४-९ च्या हिशेबापेक्षा बरीच कमी निघाली. लेबलाला हा फरक दिसत नाही, तिथे अख्खा दाणा आणि दाण्याचं कूट एकाच भावाने धरतात.

तेव्हा पाकीट दोन-तीन जणांत वाटायचं असेल तर आधी मोठ्या पातेल्यात सगळं ओता, खालवर करा आणि मग वजन करून वाटे घाला. त्यानंतर ३० ग्रॅमला १४५ हे प्रत्येक ताटात साधारण खरं उतरेल.