पाच महिने सरासरी बिल, सहाव्या महिन्यात 420 युनिट, आता काय?

"मॅडम, आम्ही दोघं नोकरीला, दिवसा गेटला कुलूप. पाच महिने बिल 60 युनिटचं आलं, आम्ही भरलं. आता एकदम 420 युनिटचं आलंय, लाईट कापतील का? महावितरणचं कनेक्शन आहे."

ताई, आधी मीटरसमोर उभं राहून आजचं रीडिंग बघा आणि फोटो काढा. ते बिलावरच्या चालू रीडिंगपेक्षा थोडं जास्त असेल तर युनिट खरे आहेत, कमी असेल तर रीडिंगच चुकलंय आणि तक्रार त्याचीच करायची. मग त्या पाच बिलांत रीडिंगच्या जागी लॉक्ड असं काही लिहिलंय का पाहा, म्हणजे तेव्हा रीडिंग घेतलंच नव्हतं, 60 हा अंदाज होता.

समजा शेवटचं खरं रीडिंग 4200 होतं आणि आता 4920 आहे, म्हणजे सहा महिन्यांत 720, महिन्याला 120. त्यातले 300 तुम्ही भरलेत, उरले 420, हे देणं लागताच, ते टळणार नाही. पण हे 420 एकाच महिन्यात जाळलेत असं धरलं की 100 पहिल्या स्लॅबमध्ये, 200 दुसऱ्यात आणि 120 तिसऱ्यात जातात. खरा हिशोब सहा महिन्यांवर पसरून व्हायला हवा, पहिल्या स्लॅबची मर्यादा सहा महिन्यांची 600 होते, भरलेले 300 त्यातच गेले, उरलेल्या 420 पैकी 300 अजून तिथेच बसतात आणि फक्त 120 दुसऱ्यात. हिशोबापुरते दर 5, 10 आणि 15 रुपये धरले तरी 4300 ऐवजी 2700 होतात, 1600 चा फरक, आणि वर 16 टक्के वीज शुल्क! खरे दर तुमच्या बिलावरून घ्या.

स्थिर आकार महिन्याचा असतो, पाच बिलांत तो भरून झालाय, म्हणून या बिलात एकाच महिन्याचा हवा. इंधन समायोजन आकाराचा दर मात्र महिन्यागणिक बदलतो, तो सगळ्या 420 वर या महिन्याच्याच दराने लावलाय का ते विचारा, महिनावार तक्ता लेखी मागा.

अर्ज उपविभागीय कार्यालयात द्या, पोच घ्या, आणि त्यातच 'हरकत नोंदवून रक्कम भरत आहे' असं लिहा. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 नुसार 15 दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही, आणि वाद चालू असताना मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी रक्कम, यातली कमी असेल ती भरली तर तोडता येत नाही. बिल तसंच पडू देऊ नका, माझ्याकडे येणारे बरेचजण तिथेच अडकतात. दाद नाही मिळाली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात जा, तिथे वकील लागत नाही, सहाही बिलं आणि तो फोटो जोडा.